रूमवर सर्व्हिस चार्ज लावला की ५ टक्क्यांचा जीएसटी १८ कसा होतो

प्रश्न : सर, नोव्हेंबर २०२५ मध्ये महाबळेश्वरला दोन रात्री राहिलो. बुकिंग करताना रूम ७००० रुपये दाखवली होती. चेकआउटला बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्याच्यावर १८ टक्के जीएसटी लावला. आता ७५०० पर्यंत ५ टक्केच आहे ना? तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये ३००० चं जेवण झालं, त्यावर पण सर्व्हिस चार्ज आणि मग सगळ्यावर १८ टक्के. बाहेर तर जेवणावर ५ टक्के असतो. हे कायद्यात बसतं का आणि पैसे परत मिळू शकतात का?

उत्तर :

तुमच्या बिलात दोन वेगवेगळे कायदे एकात एक गुंतलेत, एक जीएसटीचा आणि एक ग्राहक संरक्षणाचा, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. जीएसटी कायद्याच्या नजरेने बघितलं तर हॉटेलने लावलेला टॅक्स बहुधा बरोबर आहे, रूमवरचा तर नक्कीच. पण ज्या सर्व्हिस चार्जमुळे तो टॅक्स एवढा फुगला तो सर्व्हिस चार्जच तुम्हाला न विचारता लावता येत नव्हता. म्हणजे भांडायचं असेल तर जीएसटीच्या दरावर भांडू नका, तिथे हराल, सर्व्हिस चार्जवर भांडा, तो निघाला की रूमवरचा दर आपोआप खाली येतो. आता हे कसं ते नीट सांगतो, कारण यात हॉटेलवाल्यांचंही मोठं नुकसान होतंय आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते अजून कळलेलं नाही.

आधी रूमचं घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून नियम असा आहे की एका रूमचं एका दिवसाचं मूल्य ७५०० किंवा त्याच्या आत असेल तर ५ टक्के (हॉटेलला इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे स्वतःच्या खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करता येत नाही), आणि ७५०० च्या वर गेलं तर १८ टक्के (हॉटेलला क्रेडिट मिळतं). तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे, पण सगळा खेळ "मूल्य" कशाला म्हणायचं यात आहे. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये हे डिक्लेअर्ड टॅरिफवर ठरायचं, म्हणजे हॉटेलने रेटकार्डवर जो भाव लावलाय तो बघायचा, प्रत्यक्षात किती घेतले ते नाही. २७ जुलै २०१८ पासून ते बदललं आणि तेव्हापासून प्रत्यक्ष व्यवहारात ग्राहकाकडून जे मूल्य घेतलं त्यावर स्लॅब ठरतो. बऱ्याच रिसेप्शनवर आजही टॅरिफ बघून स्लॅब ठरतो असंच सांगतात, ते जुनं झालं.

आणि मूल्यात काय काय धरायचं हे सीजीएसटी कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. त्यात सरळ लिहिलंय की सेवा देणाऱ्याने सेवा देताना किंवा त्याच्या आधी, त्या सेवेच्या संदर्भात ग्राहकाकडून जे काही अनुषंगिक पैसे लावले ते सगळे मूल्यात येतात. सर्व्हिस चार्ज हे त्याचं सरळसोट उदाहरण आहे. हॉटेलने बिलात लावला, हॉटेलच्या खात्यात गेला, रूमच्या सेवेसाठीच घेतला. त्यामुळे तो रूमच्या मूल्याचा भाग झाला, त्याला वेगळी सेवा म्हणून वेगळा दर लागत नाही, रूमला जो दर तोच त्याला. आणि रूमचा दर कुठला हे ठरवायचं ते पण तो धरूनच.

म्हणून तुमच्या बाबतीत ७००० अधिक ७०० म्हणजे ७७०० झाले, ७५०० ची रेघ ओलांडली, आणि १८ टक्के लागला. तो फक्त वरच्या २०० रुपयांवर नाही हं, पूर्ण ७७०० वर. इन्कम टॅक्समध्ये जसं खालच्या टप्प्याला खालचा दर राहतो तसं इथे नाही, रेघ ओलांडली की सगळी रक्कम वरच्या दरात जाते.

आता आकडे मांडतो म्हणजे डोळ्यासमोर येईल. तुमचं दोन रात्रींचं रूमचं बिल असं झालं असणार : १४००० भाडं, १४०० सर्व्हिस चार्ज, मिळून १५४००, त्यावर १८ टक्के म्हणजे २७७२, एकूण १८१७२. सर्व्हिस चार्ज नसता तर १४००० वर ५ टक्के म्हणजे ७००, एकूण १४७००. फरक ३४७२ रुपयांचा. यातले हॉटेलला सर्व्हिस चार्ज म्हणून मिळाले फक्त १४००, उरलेले २०७२ टॅक्समध्ये गेले. म्हणजे हॉटेलने तुमच्याकडून १४०० जास्त घेण्यासाठी तुम्हाला साडेतीन हजाराला खड्ड्यात घातलं, आणि मला खात्री आहे की चेकआउटला बसलेल्या पोराला हे माहीतही नसेल, त्याच्या सॉफ्टवेअरने जे दाखवलं ते त्याने छापलं.

सप्टेंबर २०२५ च्या आधी हे एवढं टोचायचं नाही. तेव्हा खालचा स्लॅब १२ टक्क्यांचा होता आणि वरचा १८, म्हणजे रेघ ओलांडली तर ६ टक्क्यांचा फरक. तुमच्याच रूमला एका रात्रीचा टॅक्स ८४० चा १३८६ झाला असता. आता खालचा स्लॅब ५ वर आला पण वरचा तिथेच राहिला, त्यामुळे तोच फरक १३ टक्क्यांचा झाला आणि एका रात्रीचा टॅक्स ३५० वरून थेट १३८६ वर जातो. दर कमी झाले म्हणून सगळे खूश, पण ७५०० च्या आसपासच्या रूमवर जे जास्तीचे पैसे लावले जातात त्यांच्यामुळे वाढणारा टॅक्स दुपटीच्या जवळपास गेला. असे प्रश्न आत्ताच जास्त यायला लागलेत त्याचं कारण हेच.

एक गोष्ट लक्षात ठेवा, रेघ बघताना जीएसटी स्वतः त्यात धरत नाहीत. ७५०० ची रूम आणि वर टॅक्स, हे ५ टक्क्यांतच बसतं, बरोब्बर ७५०० पण बसतं. आणि स्लॅब रोजच्या रोज, रूममागे बघायचा असतो. तीन रात्री राहिलात, दोन रात्री ६५०० आणि शनिवारची ८२०० असेल तर पहिल्या दोन ५ ने आणि शनिवार १८ ने, सरासरी काढायची नाही. एक्स्ट्रा बेडचे पैसे त्याच दिवशी त्याच रूमवर लावले तर ते पण रूमच्या मूल्यात येतात, आणि नाश्त्यासकट पॅकेज एकाच भावात विकलं असेल तर तो नाश्ताही. तुम्ही रेस्टॉरंटमध्ये वेगळं जेवलात किंवा टॅक्सी मागवली तर ते यात येत नाही.

१० टक्के सर्व्हिस चार्ज घेणाऱ्या हॉटेलसाठी खरी रेघ ७५०० नाहीच मुळी, ती ६८१८ आहे. ६८१८ च्या वर भाडं गेलं की सर्व्हिस चार्ज धरून ७५०० ओलांडतंच. ५ टक्के घेणाऱ्यासाठी ती ७१४२ वर येते. बुकिंग करताना रूम ६९०० ते ७५०० च्या पट्ट्यात दिसली तर हॉटेलला फोन करून एवढंच विचारा की बिलात सर्व्हिस चार्ज किंवा रिसॉर्ट फी लागते का. हा एक प्रश्न विचारल्याने हजार दीड हजार रुपये रात्रीमागे वाचतात.

आता जेवणाचं. इथे लोक सगळ्यात जास्त चिडतात कारण बाहेर रस्त्यावरच्या चांगल्या एसी रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के आणि हॉटेलच्या आत तीच डाळ खिचडी १८ टक्क्याने. हॉटेलच्या आवारातल्या रेस्टॉरंटचा दर ते आवार "स्पेसिफाइड प्रिमायसेस" आहे की नाही यावर ठरतो. आहे तर १८ टक्के क्रेडिटसकट, नाही तर ५ टक्के क्रेडिटशिवाय. आणि १ एप्रिल २०२५ पासून याची व्याख्या अशी झाली की मागच्या आर्थिक वर्षात त्या आवारातल्या कुठल्याही एका रूमचं एका दिवसाचं मूल्य ७५०० च्या वर गेलं असेल तर चालू वर्षभर ते स्पेसिफाइड प्रिमायसेस. (हॉटेल स्वतःहून तसं डिक्लेरेशन देऊनही त्यात जाऊ शकतं, काही मोठी हॉटेलं क्रेडिटसाठी तसं करतात.)

हे वाक्य परत वाचा. कुठल्याही एका रूमचं. एक रूम, एक रात्र. आणि मूल्य म्हणजे तेच कलम १५ चं मूल्य, सर्व्हिस चार्ज धरून.

तुमच्या हॉटेलने मागच्या वर्षी म्हणजे २०२४-२५ मध्ये पण ७००० ची रूम सर्व्हिस चार्ज लावून ७७०० ला दिली असेल, फक्त एकदा जरी, तर २०२५-२६ मध्ये त्यांचं रेस्टॉरंट वर्षभर १८ टक्क्यात गेलं. तुमच्या जेवणाच्या बिलावर जो १८ टक्के दिसतोय त्याचं मूळ बहुधा तिथेच आहे. खिडकीतून दरी दिसणारी एखादी मोठी रूम ख्रिसमसला नऊ हजाराला गेली असेल तरीही तेच. तुमच्या राहण्याच्या दिवशी तुमची रूम कितीला होती याचा तुमच्या जेवणाच्या दराशी काहीही संबंध नाही, हे पण यातून निघतं. १५०० च्या रूममध्ये राहिलेल्या माणसालाही त्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्केच, आणि न राहता नुसतं जेवायला आलेल्या गाववाल्यालाही १८ टक्केच. रूम सर्व्हिसने वर मागवलं तरी तोच दर.

म्हणून जेवणाच्या १८ टक्क्यांबद्दल हॉटेलला एवढंच विचारा की तुमचं आवार या वर्षी स्पेसिफाइड प्रिमायसेस आहे का. हो म्हणाले तर दर बरोबर. नाही म्हणाले किंवा कळलंच नाही तर मग गडबड आहे, कारण असं आवार नसताना ५ च्या जागी १८ घ्यायचा त्यांना हक्क नाही, आणि टॅक्स म्हणून जे गोळा केलं ते सरकारला भरावंच लागतं, स्वतःकडे ठेवता येत नाही. ऑनलाइन त्याच हॉटेलच्या सगळ्यात महागड्या रूमचा सीझनचा भाव बघितला की साधारण अंदाज येतो.

तुमच्या जेवणाचं गणित : ३००० अधिक ३०० सर्व्हिस चार्ज, ३३०० वर १८ टक्के ५९४, एकूण ३८९४. सर्व्हिस चार्ज काढला तर ३००० वर ५४०, एकूण ३५४०. इथे दर बदलत नाही कारण तो मागच्या वर्षावर ठरलेला आहे, फक्त ३०० आणि त्यावरचा ५४ टॅक्स वाचतो. रूम आणि जेवण मिळून तुमचे जास्त गेलेले पैसे ३८२६ होतात, आणि मागायचे असतील तर हाच आकडा मागा, नुसता सर्व्हिस चार्जचा १७०० नको. लोक नेमकी हीच चूक करतात, मॅनेजर म्हणतो बरं सर सर्व्हिस चार्ज परत देतो, १७०० हातात ठेवतो, आणि माणूस समाधानाने घरी जातो. टॅक्सचे २१२६ तसेच राहतात.

दारूची लाइन बिलात असेल तर त्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, तेव्हा ती वेगळी दाखवलेली आहे का आणि जीएसटी काढताना एकूण रकमेत मिसळलेली नाही ना एवढं बघून घ्या. आणि सर्व्हिस चार्ज कशावर काढलाय तेही बघा, काही बिलात तो टॅक्स धरून झालेल्या बेरजेवर काढलेला दिसतो, ते चूक, तो आधी आणि टॅक्स नंतर.

आता मुख्य मुद्दा, सर्व्हिस चार्ज लावता येतो का.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात हॉटेल आणि रेस्टॉरंट दोघांनाही सांगितलंय की बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने घ्यायचा नाही, ग्राहकाला जबरदस्ती करायची नाही, तो ऐच्छिक आहे हे स्पष्ट सांगायचं, दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, आणि जेवणाच्या बिलात मिळवून वरच्या एकूण रकमेवर जीएसटी लावून तो वसूल करायचा नाही. हॉटेल रेस्टॉरंटच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि जवळपास पावणेतीन वर्षं ती तत्त्वं थंड पडली होती. मग २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी संघटनांच्या याचिका फेटाळल्या, मार्गदर्शक तत्त्वं योग्य ठरवली आणि दोन्ही याचिकाकर्त्यांना एकेक लाखाचा दंडही केला. त्यानंतर संघटना अपिलात खंडपीठाकडे गेल्या. प्राधिकरणाने निकालानंतर दिल्लीतल्या काही रेस्टॉरंटना नोटिसा काढून घेतलेला सर्व्हिस चार्ज परत करायला लावला.

आता लोक विचारतात की जीएसटी कायदा म्हणतो सर्व्हिस चार्जवर टॅक्स घ्या, ग्राहक कायदा म्हणतो बिलात लावून त्यावर जीएसटी घेऊ नका, मग खरं कुठलं? दोन्ही खरी आहेत, कारण दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. जीएसटी अधिकारी हे बघत नाही की पैसे घ्यायला नको होते की हवे होते, तो बघतो की घेतले का, घेतले तर टॅक्स द्या. ग्राहक प्राधिकरण बघतं की घ्यायचा हक्क होता का. म्हणून हॉटेलचा मॅनेजर जेव्हा म्हणतो "साहेब यावर सरकारला जीएसटी भरतोय, म्हणजे कायदेशीरच आहे", तेव्हा तो दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोय. टॅक्स भरला म्हणून वसुली योग्य ठरत नाही. आणि उलट बाजूने, सर्व्हिस चार्ज चुकीचा आहे म्हणून मी त्यावर टॅक्स भरणार नाही असं हॉटेलही म्हणू शकत नाही. माझं मत विचाराल तर निदान रूमवर सर्व्हिस चार्ज लावायला कसलंच समर्थन उरत नाही, रूमची किंमत तुम्हीच ठरवता ना, मग ती सरळ दाखवा.

जेवणाच्या बाबतीत तुमची बाजू पक्की आहे, तत्त्वांचा सगळा रोख जेवणाच्या बिलावरच आहे. रूमबद्दल मॅनेजर म्हणेल की ते फक्त रेस्टॉरंटसाठी आहे. तेव्हा तत्त्वांच्या नावातच हॉटेल आहे हे दाखवा, आणि दुसरा मुद्दा पण जोडा जो रूमसाठी जास्त जोरदार आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात ड्रिप प्रायसिंग म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे सुरुवातीला एक किंमत दाखवायची आणि लपवलेले आकार नंतर पुढे आणायचे. तुम्हाला बुकिंगच्या वेळी ७००० दाखवले, सर्व्हिस चार्जचा उल्लेख नव्हता, चेकआउटला आला, हे त्यातच मोडतं. म्हणून बुकिंगचा स्क्रीनशॉट आणि कन्फर्मेशनचा ईमेल शोधून ठेवा, त्यात बारीक अक्षरात सर्व्हिस चार्ज लिहिलाय का ते आधी बघा, लिहिला असेल तर हा मुद्दा ढिला पडतो, पहिला राहतो.

टिप ही वेगळी गोष्ट. वेटर पोराने चांगलं केलं म्हणून तुम्ही त्याच्या हातात २०० ठेवले तर ते हॉटेलने लावलेले पैसे नाहीत, मूल्यात येत नाहीत, त्यावर टॅक्स नाही. आणि मी तर म्हणतो द्याच, हातात द्या. बिलातला सर्व्हिस चार्ज हॉटेलच्या खात्यात जातो, त्यातला किती खाली पोचतो हे मालकावर असतं.

आता पैसे कसे मागायचे. बिल अजून काढायचं असतानाच बोललं तर सगळ्यात सोपं, सर्व्हिस चार्ज काढा आणि रूमचा स्लॅब परत लावा असं सांगायचं. दुसरा भाग मुद्दाम सांगावा लागतो, कारण बऱ्याच हॉटेल सॉफ्टवेअरमध्ये टॅक्सचा दर रूमच्या प्रकाराला चिकटवून ठेवलेला असतो, सर्व्हिस चार्जची लाइन काढली तरी दर १८ च राहतो. ७००० वर १२६० टॅक्स दिसला की ओळखा की दर बदलला नाही, तो ३५० हवा, १७५ सीजीएसटी आणि १७५ एसजीएसटी.

तुमचं बिल होऊन गेलंय, तर हॉटेलला ईमेल करा, बिलाचा नंबर टाका, आणि सुधारित बिलासाठी क्रेडिट नोट मागा. जीएसटीच्या कलम ३४ मध्ये सोय आहे, बिलात मूल्य किंवा टॅक्स जास्त लागला असेल तर हॉटेल क्रेडिट नोट काढून आपला टॅक्स कमी करू शकतं, आणि २०२५-२६ च्या बिलासाठी ती ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत रिटर्नमध्ये दाखवावी लागते (वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तिथपर्यंतच). हॉटेल "टॅक्स तर सरकारला गेला, आता काय करणार" म्हणालं तर हे कलम सांगा. खरं सांगायचं तर बिल होऊन गेल्यावर सर्व्हिस चार्ज परत देऊन स्लॅब खाली आणायला त्यांचा सीए कुरकुर करेल, त्याला भीती असते की उद्या ऑडिटला अधिकारी विचारेल पैसे नंतर का परत केले. त्यावर उत्तर असं की ती सूट नाही, न घ्यायला हवे होते ते परत केलेत, तुमचा तक्रारीचा ईमेल हाच त्याचा कागद. म्हणून ईमेल स्पष्ट लिहा, "सर्व्हिस चार्जला माझी संमती नव्हती" हे वाक्य त्यात हवंच.

आठ दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ ला फोन, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो. एवढ्या रकमेची बरीच प्रकरणं तिथेच मिटतात कारण हॉटेलला नोंद झालेली तक्रार नको असते. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार टाकता येते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे. बिलावरचा जीएसटी नंबर gst.gov.in वर टाकून बघा, नाव पत्ता जुळतो का, नोंदणी चालू आहे का. नंबरच रद्द झालेला असेल तर प्रकरण वेगळंच आहे, मग जीएसटी विभागाकडे तक्रार.

कंपनीच्या कामासाठी राहिला असाल तर एक सांगतो, हॉटेल जिथे आहे त्या राज्याचाच सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. पुण्याची कंपनी आणि महाबळेश्वरचं हॉटेल असेल तर रूमचं क्रेडिट कंपनीला मिळतं, पण तीच कंपनी गोव्यात राहिली आणि तिथे नोंदणी नसेल तर तो टॅक्स खर्चात जातो. जेवणाचं क्रेडिट तर सहसा मिळतच नाही. म्हणून "कंपनी भरतेय ना" म्हणून हे सोडून देऊ नका.

हे वाचणाऱ्यांत हॉटेलवाले पण असतील, त्यांच्यासाठी थोडं लिहितो कारण त्यांचं नुकसान पाहुण्यापेक्षा मोठं आहे. माझ्याकडे कोकणातल्या एका छोट्या हॉटेलचं काम आलं, तिथे सॉफ्टवेअरवाल्याने सर्व्हिस चार्जला स्वतंत्र लाइन म्हणून १८ टक्के लावला होता आणि रूमला ५. बघायला बरोबर वाटतं. ७००० वर ३५० आणि ७०० वर १२६, एका रात्रीचा ४७६ टॅक्स. पण द्यायचा होता १३८६, म्हणजे रात्रीमागे ९१० कमी. वर्षात अशा २०० रात्री झाल्या असं धरलं तर १ लाख ८२ हजार, वर १८ टक्के व्याज, वर दंडाचा प्रश्न, आणि पाहुणे केव्हाच घरी गेलेले, त्यांच्याकडून आता मिळणार नाही. यात भरीला ७७०० च्या त्या रात्रींनी पुढच्या वर्षाचं रेस्टॉरंट १८ टक्क्यात ढकललेलं असतं. मालक वर्षभर ५ टक्क्याने जेवणाची बिलं काढत बसतो, आणि ऑडिटमध्ये दोन्ही एकदम समोर येतात. कमी भाड्याच्या रूमला उलटं होतं, ६५०० अधिक ६५० म्हणजे ७१५०, पूर्ण ५ टक्क्यात बसतं, तिथे सर्व्हिस चार्जवर १८ घेतला तर पाहुण्याकडून जास्त घेतला.

म्हणून मार्चच्या आत एक काम करा. सॉफ्टवेअरमधून वर्षभराचा रूमवार रोजचा रिपोर्ट काढा, त्यात भाडं, सर्व्हिस चार्ज, एक्स्ट्रा बेड, पॅकेजचा नाश्ता सगळं एका रूमच्या एका दिवसाला जोडा आणि उतरत्या क्रमाने लावा. सगळ्यात वरचा आकडा ७५०० च्या वर असेल तर १ एप्रिलपासून तुमचं रेस्टॉरंट १८ टक्क्यात, मेनूचे भाव आणि क्रेडिटचा हिशोब त्याप्रमाणे आत्ताच बसवा. आणि वर जाणाऱ्या रात्री मोजक्याच असतील, त्याही फक्त सर्व्हिस चार्ज किंवा एक्स्ट्रा बेडमुळे, तर पुढच्या वर्षी सर्व्हिस चार्ज बंद करा आणि सगळं धरून रूम ७५०० च्या आत ठेवा. ७५०० ची रूम पाहुण्याला ७८७५ ला पडते, ७५०१ ची ८८५१ ला. ७००० अधिक ७०० घेऊन पाहुण्याला ९०८६ चं बिल देण्यापेक्षा सरळ ७४०० भाडं लावा, पाहुणा ७७७० देईल. ३०० कमी मिळतील, १८ टक्क्यात मिळणारं क्रेडिटही जाईल, तेवढं सीएकडून आधी तपासून घ्या, पण रूमचा भाव पाहुण्याला तेराशेने स्वस्त पडतो आणि रेस्टॉरंट ५ टक्क्यात राहतं, गावातली मंडळी जेवायला येत राहतात. मात्र हे वर्षभर, प्रत्येक रूमला, ३१ डिसेंबरच्या रात्रीसुद्धा पाळावं लागतं. एका रात्रीने सगळं पुसलं जातं.

तुम्ही बिलाचा फोटो टाकला, जीएसटी नंबर आणि नाव झाकून, तर ईमेलमध्ये नेमका कुठला आकडा मागायचा ते बघून सांगतो. कन्फर्मेशनमध्ये सर्व्हिस चार्जची ओळ आहे का ते मात्र आधी तपासा.